मालकी तिघांची, कारभार एकाचा: घरच्या कंपनीचा वारसा लिहायचा कसा

बँकेकडे कर्जासाठी जाताना बनवलेला धंद्याचा आराखडा उघडून पाहिला, तर शेवटून दुसऱ्या पानावर बहुतेक वेळा एक वाक्य सापडतं: ‘प्रवर्तकांची पुढील पिढी व्यवसायात सक्रिय आहे.’ वारशाबद्दल तेवढंच. मुलगा कारखान्यात येतो, म्हणजे पुढचं सगळं ठरलं, असं घरातले आणि बँकवालेही धरून चालतात.

पण त्या वाक्यातून दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. वडिलांनंतर शेअर्स कोणाच्या नावावर जाणार? आणि ऑर्डर घेणं, भाव ठरवणं, माणसं नेमणं, चेकवर सही करणं हे कोण करणार? पहिला प्रश्न मालकीचा, दुसरा कारभाराचा. मालकी जन्माने, बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने मिळू शकते. कारभाराला लायकी लागते आणि त्याला मुदत असते. कायदासुद्धा हा फरक मानतो: कंपनीत मॅनेजिंग डायरेक्टरची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी करता येते, शेअर्सच्या मालकीला अशी कोणतीच मुदत नाही. घरातले वाद बहुतेक या दोन प्रश्नांना एकच उत्तर दिल्यामुळे पेटतात. ‘सगळं थोरल्याला’ म्हटलं की बाकीच्यांवर अन्याय होतो, आणि ‘सगळ्यांना सारखं’ म्हटलं की राबणाऱ्याच्या डोक्यावर न राबणारे बसतात.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. कुटुंब काल्पनिक आहे, पण अशी घरं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, नाशिक, कुठेही भेटतील. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतून, मशिनिंग करून ती पुण्याच्या कंपन्यांना पाठवते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उलाढाल 24 कोटी, कर भरून उरणारा नफा दीड कोटी. भांडवल 50 लाखांचं, म्हणजे दहा रुपयांचे पाच लाख शेअर्स. वडील 67 वर्षांचे, त्यांच्याकडे 70 टक्के. आईच्या नावावर 20 टक्के. थोरला मुलगा पंधरा वर्षं कारखाना बघतोय, त्याच्याकडे 10 टक्के. मुलगी पुण्यात डॉक्टर आहे. धाकटा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि परत यायचा त्याचा विचार नाही.

काहीच लिहिलं नाही तर

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या 70 टक्क्यांचे चार सारखे भाग होतात: आई आणि तीन मुलं, प्रत्येकी साडेसतरा. (वडिलांची आई हयात असेल तर तिचाही सारखाच पाचवा हिस्सा. ही गोष्ट पुष्कळ घरांत कोणाच्या लक्षातच नसते.) आता आईकडे साडेसदतीस, थोरल्याकडे साडेसत्तावीस, मुलगी आणि धाकट्याकडे साडेसतरा-साडेसतरा टक्के. कोणाही एकाचं बहुमत नाही. थोरला आणि आई मिळून 65, मुलगी, धाकटा आणि आई मिळून साडेबहात्तर. म्हणजे सत्तरीच्या आईने ज्याच्या बाजूने हात वर केला, त्याची कंपनी. जिने आयुष्यभर या तिघांना एकत्र ठेवलं, तिलाच आपण पंच करून बसवतो.

पुढे आईही मृत्युपत्राविना गेली की तिच्या वाट्याचे तीन भाग होतात. अंतिम चित्र: थोरला 40, मुलगी 30, धाकटा 30.

हे आकडे बघून ‘बरोबर तर आहे, सगळ्यांना जवळजवळ सारखं’ असं वाटेल. आता मतदानाच्या बाजूने बघा. संचालकाला नेमणं आणि काढणं साध्या ठरावाने, म्हणजे निम्म्याहून अधिक मतांनी होतं. मुलगी आणि धाकटा एकत्र आले तर 60 टक्के होतात. ज्यांनी भट्टी कधी पेटवली नाही असे दोघं, वीस वर्षं भट्टीजवळ उभ्या राहिलेल्याला संचालक मंडळावरून काढू शकतात. उलट बाजूने, आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, बदलणं यांसारख्या मोठ्या गोष्टींना विशेष ठराव लागतो, त्याला 75 टक्के मतं हवीत. थोरला 40 टक्क्यांवर तो कायमचा अडवू शकतो. सगळे एकमेकांना अडवू शकतात आणि कोणीच काही घडवू शकत नाही.

बरेच जण म्हणतात, आम्ही नॉमिनेशन करून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येजदानी खटल्यात स्पष्ट केलं आहे की शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही. कंपनीने शेअर्स कोणाच्या स्वाधीन करायचे एवढंच नॉमिनेशन सांगतं. खरे मालक वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतात. त्यामुळे थोरल्याला नॉमिनी केलं म्हणून शेअर्स त्याचे झाले, असं समजून निर्धास्त राहू नका.

आणखी एक तपासणी सगळ्यात आधी करायची. वडिलांच्या नावावरचे शेअर्स खरोखर त्यांचे स्वकष्टार्जित आहेत का? आजोबांच्या वडिलोपार्जित पैशातून, किंवा एकत्र कुटुंबाच्या खात्यातून भांडवल आलं असेल, तर मुलीचा त्यात जन्मतःच हक्क निघू शकतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना तो हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा निकालात सांगितलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. तसं असेल तर वडील मृत्युपत्राने फक्त आपल्या वाट्याची विल्हेवाट लावू शकतात. आपल्या उदाहरणात शेअर्स स्वकष्टार्जित आहेत असं धरू.

आधी कारभार, मग मालकी

आराखड्यात या दोन गोष्टींची दोन स्वतंत्र पानं असावीत, आणि दोन्हींचं वेळापत्रक वेगळं असावं. माझं स्पष्ट मत आहे की कारभार आधी द्यावा आणि मालकी सावकाश. कारभार दिला आणि जमला नाही तर परत घेता येतो. शेअर्स बक्षीसपत्राने दिले की ते गेले. मुलाशी उद्या पटलं नाही म्हणून परत मागता येत नाहीत. शिवाय वडील हयात आणि धडधाकट असताना थोरल्याने केलेल्या चुका कंपनीला परवडतात. ते नसताना त्याच चुका महागात पडतात.

कारभाराच्या पानावर ‘मोठा मुलगा हळूहळू सूत्रं हाती घेईल’ असं लिहिण्यात अर्थ नाही. कोणता अधिकार, किती रकमेपर्यंत, कोणत्या तारखेला, हे लिहायचं. आपल्या फाउंड्रीत पहिल्या वर्षी उत्पादन आणि खरेदी पूर्णपणे थोरल्याकडे: पिग आयर्न आणि भंगार कोणाकडून, कोणत्या भावाने घ्यायचं हे तो ठरवेल, एका व्यवहारात दहा लाखांपर्यंत वडिलांना विचारणार नाही. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक: पुण्याच्या पार्टीशी दरवाढ बोलायला तो एकटा जाईल. तिसऱ्या वर्षी बँक: कॅश क्रेडिटचं नूतनीकरण, स्टॉक स्टेटमेंट आणि चेकवर सही त्याची. त्यानंतर वडील अध्यक्ष, महिन्यातून एकदा बैठकीला येतील, रोज ऑफिसला नाही.

यात गाडं कुठे अडतं, ते ओळखायला फार हुशारी लागत नाही. भंगाराचा भाव अचानक चढला की व्यापारी पहिला फोन कोणाला करतो? सुपरवायझर रजेचा अर्ज थोरल्याकडे देतो आणि मंजुरीसाठी हळूच ‘मोठ्या साहेबां’च्या केबिनमध्ये डोकावतो का? थोरल्याने नाकारलेली उधारी वडिलांनी जुन्या ओळखीखातर दिली, असं वर्षात किती वेळा झालं? फोन अजून वडिलांकडेच येत असतील तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, कारभार हललेला नाही. यावर उपाय थोरल्याच्या हातात नाही, तो वडिलांकडे आहे. फोन उचलून ‘त्याच्याशी बोला’ एवढंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. पन्नास वर्षं ज्या फोनवर धंदा उभा केला तो असा ठेवणं अवघड असतं, आणि म्हणून या पानावर वडिलांनी पुढे काय करायचं हेही लिहावं: फाउंड्री क्लस्टरच्या संघटनेचं काम, नवीन गिऱ्हाइकांच्या ओळखी करून देणं, जे त्यांना आवडतं ते.

कारभारी घरातलाच हवा, असंही नाही. डाबरच्या बर्मन कुटुंबाने 1998 मध्ये दैनंदिन व्यवस्थापन बाहेरच्या व्यावसायिकांकडे सोपवलं आणि मालकी स्वतःकडे ठेवली. लहान कंपनीला एवढं जमेलच असं नाही, पण तिघांपैकी एकालाही कारखान्यात रस नसेल, तर त्यातल्या त्यात तयार असलेल्याला जबरदस्तीने खुर्चीत बसवण्यापेक्षा अनुभवी जनरल मॅनेजर नेमून तिघांनी मालक राहणं कधीही शहाणपणाचं.

दोन पाकिटं

आता पैशाकडे येऊ. थोरला राबतो म्हणून त्याला पगार, आणि तो मालक आहे म्हणून त्याला लाभांश. ही दोन पाकिटं वेगळी ठेवली की निम्मी भांडणं उद्भवतच नाहीत.

आपल्याकडे नेमकं उलट घडतं. थोरला नावापुरता पगार घेतो, कारण ‘घरचंच आहे’. गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, मुलांच्या सहलीचा खर्चही कंपनीच्या कार्डावर. लाभांश कंपनीने कधी दिलेलाच नाही, नफा सगळा धंद्यात. पुण्याच्या बहिणीला दिसते ती भावाची नवी गाडी, आणि स्वतःच्या 30 टक्क्यांवर एक रुपया आलेला नाही. थोरल्याला दिसतं ते असं की बहीण-भाऊ बाहेर नोकऱ्या करून मजेत आहेत आणि आपण मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहून कमावलेल्यात त्यांचा फुकटचा वाटा आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत. हिशोबच असा ठेवलाय की दोघांनाही आपलंच खरं वाटावं.

पाकिटं वेगळी केली की काय होतं बघा. अशाच आकाराच्या फाउंड्रीत बाहेरचा मॅनेजर नेमला तर किती पगार द्यावा लागेल, हे दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवायचं. समजा वर्षाला 30 लाख. तो थोरल्याचा पगार, आणि तो खर्चात जाऊनच दीड कोटी नफा उरतो. लाभांशाचं धोरण लिहायचं: ज्या वर्षी नफा होईल आणि बँकेचे हप्ते सुरळीत असतील त्या वर्षी नफ्याच्या 30 टक्के वाटायचे. म्हणजे 45 लाख. अंतिम वाटणीप्रमाणे थोरल्याला 18 लाख, बहीण आणि धाकट्याला साडेतेरा-साडेतेरा लाख. थोरल्याचे एकूण 48 लाख झाले, त्यातले 30 कामाचे आणि 18 मालकीचे. उद्या तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी भाची आली तर 30 तिला जातील, 18 त्याच्याकडेच राहतील. तीन मिनिटांत कोणालाही कळणारा हिशोब.

करामध्ये या दोन पाकिटांची वागणूक वेगळी आहे. पगार हा कंपनीचा खर्च धरला जातो, लाभांश करानंतरच्या नफ्यातून जातो आणि घेणाऱ्याच्या हातात त्याच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा करपात्र होतो. म्हणून बरेच सल्लागार सांगतात की न राबणाऱ्या भावंडांनाही पगारावर दाखवा. तसं करू नका. काम न करणाऱ्या नातेवाइकाला दिलेला पगार आयकर खातं खर्च म्हणून नाकारू शकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कामाचं पाकीट आणि मालकीचं पाकीट पुन्हा एकत्र होतं.

मतांचा हिशोब

मालकीच्या पानावर येताना एक गोष्ट बघण्यासारखी आहे. मृत्युपत्र न करता जी वाटणी होते, 40-30-30, तीच आपण ठेवणार आहोत. पैशाच्या वाट्यात काडीचाही बदल नाही. बदलायचा आहे तो मतांचा हक्क.

प्रायव्हेट कंपनीच्या आर्टिकल्समध्ये तरतूद असेल, तर वेगवेगळ्या शेअर्सना वेगवेगळा मताधिकार देता येतो. मात्र ही सवलत मिळायला कंपनीचे वार्षिक ताळेबंद आणि विवरणपत्रं रजिस्ट्रारकडे वेळेवर भरलेली असायला हवीत. अस्तित्वातल्या शेअर्सचे हक्क बदलायचे की नव्या प्रकारचे शेअर्स काढायचे, हे कंपनी सेक्रेटरीने ठरवायचं काम आहे. आपण फक्त आकडे किती असावेत ते बघू.

पहिला मोह असतो बाहेरच्यांची मतं अगदी कमी करण्याचा. समजा बहीण आणि धाकट्याच्या दहा शेअर्सना एक मत दिलं. थोरल्याची दोन लाख मतं, त्या दोघांची पंधरा-पंधरा हजार. थोरल्याकडे 87 टक्के मतं येतात. आता तो एकटाच 75 टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे आर्टिकल्सही एकटा बदलू शकतो, भावंडांसाठी लिहिलेलं संरक्षण पुसूनही टाकू शकतो. ही मालकी नावालाच उरली.

त्याऐवजी दोन शेअर्सना एक मत द्या. थोरल्याची दोन लाख, बहीण-धाकट्याची पंचाहत्तर-पंचाहत्तर हजार, एकूण साडेतीन लाख. थोरल्याकडे 57 टक्के. रोजचा कारभार आणि साधे ठराव तो अडथळ्याविना करू शकतो, त्याला कोणी उचलून फेकू शकत नाही. पण विशेष ठरावासाठी 75 टक्के गाठायचे तर दोघांपैकी एकाला तरी बरोबर घ्यावंच लागेल. एक आला की साडेअठ्ठ्याहत्तर होतात. कारभार्‍याला मोकळीक आणि मालकांना लगाम, दोन्ही एका आकड्यात बसतं.

इथे एक फट राहते. जास्त मतं थोरल्याच्या शेअर्सना कायमची चिकटवली, तर कारभार सोडल्यावरही ती त्याच्याकडे, आणि पुढे त्याच्या मुलांकडे जातील. म्हणजे मालकी आणि कारभार आपण पुन्हा एकत्र शिवले. म्हणून आर्टिकल्समध्ये लिहायचं की मॅनेजिंग डायरेक्टरचं पद सुटलं की त्या शेअर्सचा मताधिकारही इतरांइतकाच होईल. आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या फेरनेमणुकीला दोन भावंडांपैकी किमान एकाची लेखी संमती लागेल. काम चांगलं चाललं असेल तर ती संमती मिळवायला थोरल्याला कष्ट पडायचे नाहीत.

भावंडांना मताबरोबर माहितीही हवी. मुलीला संचालक मंडळावर घ्यावं, पगाराविना, बैठकीच्या मानधनावर. दर तिमाहीला ताळेबंद, उधारीची यादी आणि बँकेची शिल्लक तिघांकडे जावी. उलट तिने सुपरवायझरला परस्पर फोन करून चौकशा करायच्या नाहीत. मालकाने प्रश्न बैठकीत विचारायचे, शॉप फ्लोअरवर नाही.

मालक असून मंडळाबाहेर राहण्याची कुचंबणा काय असते, ते चेन्नईच्या मुरुगप्पा समूहात दिसलं. एम. व्ही. मुरुगप्पन 2017 मध्ये वारल्यावर पत्नी आणि दोन मुलींकडे कुटुंबाच्या होल्डिंग कंपनीचा आठ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा आला. त्यांचं म्हणणं होतं: एकतर मंडळावर जागा द्या, नाहीतर आमचा हिस्सा रास्त भावाने घ्या. 2020 च्या सभेत मोठी मुलगी वल्ली अरुणाचलम यांना मंडळावर घेण्याचा ठराव फेटाळला गेला. समझोता व्हायला 2023 उजाडलं. एवढ्या नावाजलेल्या, शिस्तीच्या समूहात हे होऊ शकतं, तर आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत बाहेर पडायची वाट आधी लिहून ठेवलेली बरी.

बाहेर पडायची वाट

समजा आठ वर्षांनी बहिणीला पैसे हवे आहेत. प्रायव्हेट कंपनीचे शेअर्स बाजारात विकता येत नाहीत. मग भाव ठरणार कसा? सूत्र आधीच लिहायचं. उदाहरणार्थ, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या सहा पट, आणि ते पटत नसेल तर दोघांना मान्य असलेला मूल्यांकनकार. दीड कोटीच्या सहा पट म्हणजे नऊ कोटी, बहिणीचे 30 टक्के म्हणजे दोन कोटी सत्तर लाख. पाच हप्त्यांत द्यायचे तर वर्षाला 54 लाख. सगळ्यांना मिळून जो लाभांश आपण ठरवला होता, त्यापेक्षा हा एकटा हप्ता मोठा आहे.

आता धाकट्यानेही त्याच वर्षी ‘मीही निघतो’ म्हटलं तर वर्षाला एक कोटी आठ लाख. दीड कोटीतून ते गेल्यावर नवीन इंडक्शन फर्नेसला, मशिनिंग सेंटरला पैसे उरत नाहीत, आणि तीन-चार वर्षांत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. म्हणून कलम असं हवं: पहिला हक्क कुटुंबाचा, एका वेळी एकच जण, आणि एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त शेअर्स घ्यायला कोणी बांधील नाही. बहिणीला ही मर्यादा आज सांगितली तर ती समजून घेईल. गरज पडल्यावर सांगितली तर तिला ती फसवणूक वाटेल.

हे सगळं कुठे लिहायचं, याला फार महत्त्व आहे. 1991 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने व्ही. बी. रंगराज खटल्यात एका घरगुती कंपनीचा निवाडा दिला. दोन भावांच्या शाखांनी निम्मे-निम्मे शेअर्स आपापल्याच शाखेत ठेवायचे, असं 1951 मध्ये आपसांत ठरलं होतं. पुढच्या पिढीत एकाने आपले शेअर्स दुसऱ्या शाखेला विकले. न्यायालयाने म्हटलं की हे बंधन आर्टिकल्समध्ये नाही, म्हणून ते ना कंपनीवर बंधनकारक आहे ना भागधारकांवर. तेव्हा दिवाळीला सगळे जमले असताना ठरलेली, वहीत लिहून तिघांनी सही केलेली गोष्ट छान आहे, पण शेअर्सच्या हस्तांतरणाचं आणि मतांचं जे काही ठरेल ते आर्टिकल्समध्ये उतरलंच पाहिजे.

शेअर्स हलवायचे कसे

कारभाराची तीन वर्षं नीट गेली असं धरू. आता वडील थोरल्याला 15 आणि मुलीला 15 टक्के शेअर्स बक्षीसपत्राने देतात. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर नाही, देणाऱ्यालाही भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि भारतात 1985 पासून वारसा करही नाही. वडिलांकडे 40 आणि आईकडे 20 टक्के उरतात. दोघांकडे मिळून अजून बहुमत आहे, आणि म्हातारपणी हात पसरावा लागू नये एवढा लाभांशही आहे. थोरल्याकडे 25, मुलीकडे 15.

धाकट्याला आत्ता काहीच का नाही? तो अनिवासी आहे. निवासी व्यक्तीने अनिवासी नातेवाइकाला कंपनीचे शेअर्स बक्षीस द्यायचे तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते, आणि किती द्यायचे यालाही बऱ्यापैकी आखूड मर्यादा आहे. मृत्युपत्राने वारसा म्हणून मिळाले तर ही अडचण येत नाही. म्हणून त्याचे पूर्ण 30 टक्के मृत्युपत्रातून जातील, थोरल्याचे आणि मुलीचे उरलेले 15-15 सुद्धा. हे कारण धाकट्याला समोरासमोर सांगावं, आणि मृत्युपत्रातला तो परिच्छेद वाचून दाखवावा. नाहीतर ‘मला वगळलं’ हा समज अटलांटिकपलीकडे वाढत राहतो.

मृत्युपत्र दोघांनी स्वतंत्र करायचं, दोन साक्षीदारांसमोर. वडिलांनी केलं आणि आईचं राहिलं, तर तिच्या 20 टक्क्यांचं गणित पुन्हा उघडं पडतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. लहान कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपन्यांचे शेअर्स हस्तांतरणाआधी डीमॅट असावे लागतात, ते आधीच करून घ्या. कारखान्याची जागा भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा वाचा, आणि बँकेचं मंजुरीपत्रही वाचा. भागधारणा बदलण्याआधी बँकेची संमती घ्यावी लागेल असं कलम त्यात बहुधा असतंच.

तुमची कंपनी नसून भागीदारी असेल तर चित्र वेगळं. दोनच भागीदार असतील आणि एक गेला, तर फर्म विसर्जित होते. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, तशी विसर्जित होत नाही. तिच्या कायद्यात मालकी-कारभाराची विभागणी जन्मतःच आहे: नफ्याचा हक्क वारसाला देता येतो, पण तेवढ्याने त्याला कारभारात भाग घेण्याचा हक्क मिळत नाही. एकल मालकीच्या दुकानात मात्र मालक आणि धंदा कायद्याने एकच, तिथे आधी रचना बदलल्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही.

हमी आणि अवचित मृत्यू

दोन गोष्टी बहुतेक आराखड्यांत राहून जातात. एक, बँकेची वैयक्तिक हमी. वडील निवृत्त झाले तरी कॅश क्रेडिटवरची त्यांची हमी आपोआप सुटत नाही. ती थोरल्याच्या नावावर करून वडिलांना लेखी मोकळं करून घ्यायला हवं. आणि बहिणीने भागधारक म्हणून हमीवर सही करावी असा आग्रह बँकेने धरला, तर तिला स्पष्ट नकार देऊ द्या. ती मालक आहे, कारभारी नाही; दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयासाठी तिचं पुण्याचं राहतं घर टांगणीला लागू नये. थोरला एकटा हमी देत असेल तर त्या जोखमीचा मोबदला म्हणून कंपनीकडून हमी शुल्क घेता येईल, असं मात्र धरू नका; असा मोबदला द्यायचा-घ्यायचा नाही, असं बँका सहसा लिहून घेतात.

दुसरी गोष्ट बोलायला कोणाला आवडत नाही. थोरला आधी गेला तर? त्याच्या 25 टक्क्यांचे वारस त्याची आई, बायको आणि मुलं. वडील मुलाचे पहिल्या वर्गातले वारस नाहीत. शेअर्स आईकडे, सुनेकडे आणि नातवंडांकडे जातील, आणि कारभार कोणाकडे, हे कोणालाच ठाऊक नसेल. म्हणून थोरल्याने चाळिशीतच मृत्युपत्र करावं, आणि कारभाराच्या पानाच्या शेवटी चार ओळी असाव्यात: दुसऱ्या दिवसापासून उत्पादन कोण बघणार (बहुधा जुना वर्क्स मॅनेजर), पुण्याच्या पार्टीशी कोण बोलणार (वडील, सहा महिने), बँकेत दुसरी अधिकृत सही कोणाची (मुलगी, आजच नोंदवून ठेवलेली), आणि नवा मॅनेजिंग डायरेक्टर नेमायची बैठक किती दिवसांत बोलवायची. कारखान्यात दीडशे माणसं असतील तर महिन्याच्या सात तारखेला पगार व्हायला हवा, आणि ज्याच्या एकट्याच्या सहीवर खातं चालतं तोच गेला तर पैसे असूनही तो होत नाही.